रापणीतली चप्पल

शाळेची भिंत रंगवायची म्हटलं की आमच्याकडे काय होतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पेंटर चार दिवस राबतो, पाचव्या दिवशी मुलांच्या हातात कोरडे ब्रश देऊन फोटो काढतात आणि "विद्यार्थ्यांनी साकारलेली भिंत" म्हणून तो ग्रुपवर फिरतो. तो पेंटर अनेकदा मीच असतो, म्हणून बोलतोय. फ्लेक्स यायच्या आधी बोर्ड रंगवायचो, आता शाळा, देवळं, होड्यांची नावं, जे मिळेल ते.

यंदा जानेवारीत मालवणकडच्या किनाऱ्यावरच्या एका प्राथमिक शाळेत खरोखर ४६ मुलांनी मिळून एक भिंत केली. मुख्याध्यापकांना आधी वारली हवी होती. वारली सुंदरच, पण ती पालघर-डहाणूची. आमच्या दर्याकाठी प्रत्येक शाळेवर तोच तारपा नाच गोल फिरताना बघून मला कंटाळा आलाय. मी म्हटलं, समोर रापण ओढतात तीच काढू. अर्धगोल पसरलेलं जाळं, दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्याकडे आणि आत प्रत्येक मुलाचा एक मासा. रापणीत जो हात लावतो त्याला वाटा असतो, हे मुलांना समजावावं लागलं नाही.

पहिला वाद भिंतीवरून झाला. सरांना रस्त्याकडची पश्चिमेची भिंत हवी होती, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल. पण पावसाळ्यात झड तिथेच बसते. आम्ही पडवीखालची पूर्वेची भिंत घेतली. तिचीही परीक्षा घेतली. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून रात्रभर भिंतीवर ठेवला. सकाळी वरच्या भागात आतून कोरडा, जमिनीलगत मात्र थेंब धरलेले. जांभ्याची भिंत जमिनीचं पाणी वर ओढते. त्याबरोबर खारही येतो, पांढरी भुकटी सुटते आणि तिच्यावरचा रंग पापुद्र्यासारखा निघतो. म्हणून खालचे दोन फूट चित्रच नाही. तिथे नुसता काव रंगाचा पट्टा, दरवर्षी नव्याने मारायचा. चित्र त्याच्या वर, २४ फूट लांब आणि ५ फूट उंच. पहिलीतल्या पोरांचा हात वरच्या टोकापर्यंत पोचत नाही, तेव्हा खालची रांग त्यांची.

आता खरा प्रश्न. सगळ्यांचा हात लागावा आणि तरी चित्र एकच दिसावं, हे कसं जमवायचं? बहुतेक जण चौकटी आखतात, प्रत्येकाला एक फूट बाय एक फूट. मी स्वतः एका शाळेत हे करून फसलोय. एकाच्या चौकटीतली होडी शेजारच्या चौकटीत पोचेपर्यंत दीड इंच खाली उतरली होती, समुद्र चौदा प्रकारचा निळा झाला होता आणि गैरहजर मुलांच्या जागी पांढरी भोकं. लांबून बाथरूमच्या टाइल्स. चौकटी नीट जुळवायच्या तर चित्र आधी मोठ्याने काढलेलं लागतं, मग मुलं दुसऱ्याच्या रेघांत रंग भरणारी मजूर होतात.

म्हणून यावेळी मासे आधी कागदावर, भिंतीवर दिसणार तेवढ्याच मापात. मुलांनी ते काढले, कात्रीने कापले आणि आम्ही चिकटपट्टीने भिंतीवर लावले. एक दिवस नुसतं हेच. हा वर घे, ती कुर्ली खाली सरकव, दोन मोरी एकमेकींच्या अंगावर येतायत, एकीला वळव. कागद सरकवायला काही लागत नाही, रंग एकदा बसला की सरकत नाही. दुसरीतल्या एका मुलीचं पापलेट तिच्या एवढं रुंद होतं. बाई म्हणाल्या, "जरा लहान कर गो." मी म्हटलं, राहू दे, मधोमध लावू. त्या पापलेटाभोवती बाकीचे मासे आपोआप वळले आणि चित्राला पोट आलं. जागा ठरल्यावर कागदाच्या कडेने खडू फिरवला.

मासे खरे आहेत की नाहीत, याचा निवाडा खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी केला. बागायतीतल्या वाड्यांवरून येणारी काही मुलं ओठ आणि पापण्या असलेले मासे काढत होती. एकाने बांगड्याला पोटापर्यंत पट्टे काढले. मावशींनी लांबूनच सांगितलं, "बांगड्याक पट्टे पाठीर असतत, पोट सफेत."

रंगाचं मी कुणावर सोडलं नाही. समुद्राचा फिकट करडा-निळा एकाच डब्यात एकदाच कालवला, बाहेरच्या भिंतीचा ॲक्रिलिक, दोन हातांना तीन लिटर. माशांसाठी पाचच डबे: पांढरा, काळा, पिवळा, काव, हिरवट निळा. रंग मोजके म्हणून ४६ हात एका चित्रात बसले, यात माझी दुसरी काही करामत नाही. काव तयार डब्याचाच घेतला, कारण पांढऱ्यात लाल स्टेनर कितीही ओता, गुलाबीच होतो. आणि जास्त ओतला तर रंग नीट वाळत नाही. एका भिंतीवर गडद निळ्याच्या मोहात मी तो बेसुमार ओतला होता. पहिल्या पावसात ती निळाई पायरीपर्यंत उतरली.

एका वेळी आठच मुलं, दोघांत एक डबा. त्याहून जास्त झाली की कोपर लागतात आणि खालच्याच्या डोक्यावर रंग गळतो. दिवसाला तीन तुकड्या, असे दोन दिवस. सकाळी दवाने भिंत ओलसर असते, म्हणून दहा वाजल्यानंतरच सुरुवात.

जाळं शेवटी, सहावी-सातवीच्या हातून, बारीक पांढऱ्या रेघांत. इथे माझं चुकलं. मी रेघा माशांवरून न्यायला सांगितल्या, कारण मासा जाळ्यात असतो. चार माशांवरून रेघ गेली आणि एक पोरगा रडवेला होऊन म्हणाला, "काका, माझो बांगडो खोडलास." खरंच खोडल्यासारखा दिसत होता. तिथून नियम बदलला: रेघ माशापर्यंत यायची, थांबायची, पलीकडून पुढे जायची. लांबून जाळं अखंडच दिसतं. ते चार मासे ज्याचे त्यानेच पुन्हा रंगवले.

मोठ्यांनी मुलांचं चित्र "जरा नीट" करायचं नाही, हे मी काम घेतानाच सांगतो. तरी दुपारी एक बाई बारीक ब्रश घेऊन डोळे गोल करत होत्या. तीन डोळे झाल्यावर माझ्या लक्षात आलं. ते तीन मासे आजही वेगळे ओळखू येतात, फार शहाणे दिसतात.

पाच मुलं त्या दोन दिवसांत आली नव्हती. त्यांच्या जागा खडूने आखून रिकाम्या ठेवल्या, डब्यांत थोडा थोडा रंग राखला. सोमवारी त्यातला चौथीतला एक आला आणि त्याने मासा न काढता चप्पल काढली. निळ्या पट्ट्याची, एकच. सर माझ्याकडे बघायला लागले. परवा उद्घाटनाला पाहुणे येणार होते. मुलगा म्हणाला, रापणीत येताच.

संध्याकाळी त्याचा बापूस त्याला न्यायला आला, ओली हाफ पँट, हातात पिशवी. पडवीत उभा राहून त्याने भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली आणि चपलेपाशी थांबला.

"ह्यां बरोबर आसा," तो म्हणाला. "काल तीन गावल्यो."