मंग्याचे ११८ एफपीएस

काल टपरीवर मंग्या मोबाईल नाचवत आला, हा व्हिडिओ बघा, सायबरपंक गेम, अल्ट्रावर आरटीएक्स ४०६० कार्डाला ११८ एफपीएस, म्हणजे सेकंदाला ११८ फ्रेम, ३०६० ला ९५, ठरलं, ४०६० घेतोय.

सुज्याने मोबाईल हिसकावला आणि म्हणाला, अरे हा व्हिडिओवाला गाडी कुठे पळवतोय बघ की, शहराबाहेरच्या माळरानावर, ना माणूस ना ट्रॅफिक, तू खेळतोस ते डॉगटाउनच्या बाजारातल्या गर्दीत. तिथे प्रत्येक चालत्या माणसाचा हिशोब प्रोसेसरला करावा लागतो, त्याचं निम्मं काम या व्हिडिओत गायबच आहे.

मंग्या म्हणे, ठीक आहे, ११८ नाही तर १०० मिळतील.

मग मी व्हिडिओ पॉज करून सेटिंगचं पान दाखवलं, ते जेमतेम दोन सेकंद दिसतं 😄 अल्ट्रा खरं, पण खाली डीएलएसएस क्वालिटी चालू. म्हणजे १०८०पी म्हणतोय पण कार्ड आतून ७२०पी काढतंय आणि मोठं करून दाखवतंय. कार्डाचं ओझं उतरलं की दर सेकंदाला जास्त फ्रेम तयार करायचं ओझं प्रोसेसरवर येतं, आणि या व्हिडिओवाल्याकडे प्रोसेसर आहे रायझन ७ ७८००एक्स३डी. तुझ्याकडे काय? रायझन ५ ३६००.

"पण माझा सीपीयू ५५ टक्केच दाखवतो!" मंग्या चिडला.

मी म्हटलं, ते सगळ्या कोअरची सरासरी रे. ३६०० ला १२ थ्रेड, त्यातला गेमचा मुख्य एक थ्रेड पूर्ण भरला तरी सरासरी ५५ च दिसणार. त्यापेक्षा कार्डाचा, म्हणजे जीपीयूचा आकडा बघ, व्हिडिओत तो ९८ आहे, म्हणजे तिथे कार्ड दमतंय, प्रोसेसर नाही. तुझ्याकडे तोच आकडा ६०-७० वर अडकला तर कार्ड रिकामं बसलंय.

वाद मिटेना म्हणून मंग्याच्या घरी गेलो, त्याच्या जुन्या जीटीएक्स १६५० वर बाजारात एकाच रस्त्याने तीनदा चाललो. लो सेटिंग, १०८०पी ला ४४ एफपीएस. ७२०पी केलं तर ६१. डीएलएसएससारखंच असलेलं एफएसआर परफॉर्मन्सवर लावून अजून खाली आणलं, तरी ६२, आणि जीपीयू ७० च्या आत. म्हणजे त्या बाजारात मंग्याच्या प्रोसेसरचं छत ६२ च्या आसपास, वर कुठलंही कार्ड लावा. गर्दीची सेटिंग, Crowd Density, कमी केल्यावर थोडं वर गेलं, बस्स.

सुज्या लगेच, बघ, कार्ड घेऊच नको, त्याच बोर्डावर ५७००एक्स३डी प्रोसेसर बसतो, बायोस अपडेट कर. मी म्हटलं असं कसं, ४०६० ने त्याला ६० च राहतील पण लो ऐवजी अल्ट्रा दिसेल, ते काय फुकट आहे का?

मंग्या बिचारा, "मग ११८ कुठेत?"

सुज्या म्हणाला, माळरानावर.