दलदल उपसली की हवामान सुधारतं? हिशेब करून बघू

«दलदलीतून मिथेन निघतो आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट घातक. मग दलदल उपसून शेती-बागा केल्या तर हवामानाचं भलंच होईल. झाडं वरून कार्बन शोषतील ते वेगळंच. आपण नाशकात चिबड जमिनीला चर काढतोच की, काय बिघडलं? आणि बिघडलंच तर परत पाणी सोडायचं, विषय संपला.»

निफाडकडच्या शेतकऱ्यांच्या दोन-तीन ग्रुपवर हा मजकूर एकाच आठवड्यात आला. लिहिणाऱ्याने मिथेनचा आकडा बरोबर दिलाय. पुढचं गणित मात्र अर्ध्यावर सोडलंय.

आधी चिबड जमिनीचं बघू, कारण सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. कालव्याखालच्या आपल्या चिबड जमिनीत पाणी साचलेलं असतं, पण माती काळीच असते, म्हणजे खनिज माती. माती परीक्षणाच्या कागदावर सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्याच्या आसपास दिसतो. एका हेक्टरच्या वरच्या ३० सेंटिमीटर थरात साधारण ४,००० टन माती धरली, तर तिच्यात कर्ब भरतो २० टन. चर काढला, मुळांना हवा मिळाली, द्राक्ष उभं राहिलं. त्यात जळण्यासारखं फार काही नव्हतंच.

पीटच्या दलदलीची गोष्ट वेगळी. पॉलिहाऊसवाल्यांना पीट मॉसच्या गोण्या माहीत आहेत (कोकोपीट नव्हे, तो नारळाचा काथ्या). हातात घेतलं की कळतं, ही मातीच नाही. हजारो वर्षं पाण्याखाली न कुजता साठलेला पालापाचोळा आहे. तेवढ्याच ३० सेंटिमीटर थराचं कोरडं वजन हेक्टरी ३०० टनांच्या आसपास भरतं, पण त्यातला जवळपास निम्मा भाग, म्हणजे १५० टन, नुसता कर्ब. आणि हा थर ३० सेंटिमीटरवर थांबत नाही. ३-४ मीटर नेहमीचा, बोर्निओत कुठे कुठे १० मीटरच्याही खाली जातो.

तो न कुजता राहिला कसा? ज्यांनी मुरघास केलाय त्यांना हे सांगावं लागू नये. खड्डा दाबून हवाबंद केला की आत आंबटपणा येतो, कुजवणारे जीव थंडावतात आणि चारा महिनोन् महिने टिकतो. कागदाला भोक पडलं की तिथला चारा तापतो, बुरशी धरतो, आणि खड्डा तेवढाच खचतो. पीटभूमीत कागदाचं काम पाणी करतं. साचलेल्या पाण्यात ऑक्सिजन फार सावकाश शिरतो, म्हणून पाला कुजण्यापेक्षा साठतो जास्त. तरीही थर वाढतो वर्षाला जेमतेम १ मिलिमीटर, आणि हेक्टरी पाव टनाच्या आसपास कर्ब जमा होतो. चर काढणं म्हणजे मुरघासाचा कागद फाडणं.

आता मिथेन. ओल्या पीटमधून तो निघतो, हे नाकारायचं कारण नाही. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीने, म्हणजे आयपीसीसीने, २०१३ साली पाणथळ जमिनींसाठी सरासरी आकडे दिले, तेच घेऊ. समशीतोष्ण भागातलं सुपीक पीट परत भिजवलं, तर वर्षाला हेक्टरी सुमारे २९० किलो मिथेन निघतो. गुणिले २८ केले की साधारण ८ टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचं होतं. तीच जमीन उपसून नांगराखाली घेतली तर वर्षाला ७.९ टन कर्ब हवेत जातो, म्हणजे २९ टन कार्बन डायऑक्साइड. वर पीटमधलं नत्र मोकळं होऊन नायट्रस ऑक्साइड सुटतो, त्याचे कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात आणखी ५ टन धरा. एका बाजूला ८, दुसऱ्या बाजूला ३४.

२८ पट हा शंभर वर्षांचा हिशेब. कुणी म्हणेल, २० वर्षांचाच धरला तर मिथेन ८० पट भरतो. धरू. मग ८ चे २३ होतात, तरी ३४ च्या खालीच. शिवाय उपसलेल्या जमिनीतल्या चरांमधून मिथेन निघत राहतोच, तो मी या गणितात घेतलेलाच नाही. आणि मिथेन हवेत बारा-एक वर्षं टिकतो. दरवर्षी तेवढाच सुटत राहिला तर जुना विरतो, नवा येतो, साठा एका पातळीवर थांबतो. कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतकं राहतो, तो नुसता साचत जातो.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर इंग्लंडमधल्या होम फेन या पीटभूमीत एक लोखंडी खांब आहे. शेजारचं व्हिटलसी तळं उपसायच्या वेळी, १८५१ साली, तो पीटमधून खालच्या चिकणमातीपर्यंत रोवला आणि वरचं टोक जमिनीच्या पातळीला ठेवलं. पहिल्या दहा वर्षांतच जमीन जवळपास दीड मीटर खाली गेली. आज खांब सुमारे ४ मीटर उघडा आहे. पण हे सगळे ४ मीटर हवेत उडाले असं म्हणणं चूक ठरेल. सुरुवातीची घसरण बरीचशी पाणी गेल्यावर थर दबल्याची असते. दबलं किती आणि जळलं किती हे ओळखायला ठरावीक आकाराचे नमुने काढून वाळवून तोलतात, मग जाळून राख मोजतात. नुसतं दबलं असेल तर घनता वाढते पण राखेचं प्रमाण तेच राहतं. कर्ब गेला असेल तर राखेचा टक्का वाढलेला दिसतो.

झाडांचं बघू. इंडोनेशियात उपसलेल्या पीटवर सर्वांत जास्त लागवड पामची, आणि त्याचं तेल आपल्या फरसाणापर्यंत पोचतं. पामच्या बागेखालचं पीट वर्षाला हेक्टरी ११ टन कर्ब सोडतं. बाग २५ वर्षं ठेवली तर २७५ टन. उभ्या झाडांत उदारपणे ५० टन धरा. तेही बाग काढली की कुजून परत हवेत.

राहिलं परत पाणी सोडणं. बोर्निओच्या इंडोनेशियाकडच्या भागात, मध्य कालिमंतानमध्ये, १९९६ पासून तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या सरकारने सुमारे १० लाख हेक्टर पीटभूमीत भातासाठी ४,००० किलोमीटरहून जास्त कालवे खणले. भात काही पिकला नाही. १९९७ च्या एल निन्यो दुष्काळात कोरडं पीट पेटलं आणि जमिनीच्या आतून धुमसत राहिलं. त्या वर्षी साऱ्या इंडोनेशियातल्या पीट व वनआगींतून सुटलेला कर्ब जगभरच्या खनिज इंधनांच्या वार्षिक उत्सर्जनाच्या १३ ते ४० टक्के होता, असा अंदाज २००२ साली प्रसिद्ध झाला.

आता तिथे बांध घालून कालवे अडवतात. पण पीटभूमी मधे फुगीर आणि कडेला उतरती असते. एका बांधाने भागत नाही, उतारावर टप्प्याटप्प्याने अनेक घालावे लागतात, आणि मऊ पीट पोखरून पाणी बांधाच्या बगलेतून वाट काढतं. सगळं जमलं तर पुढचं नुकसान थांबतं, गेलेलं परत येत नाही. वर्षाला ११ टन जात असेल आणि पाव टन येत असेल, तर एका वर्षाचं नुकसान भरायला ४४ वर्षं लागतात.

पाणी किती सोडायचं यालाही माप आहे. पृष्ठभागावर तळं साचवून उभं गवत बुडवलं तर ते कुजून सुरुवातीला मिथेनचा लोंढा येतो. पाणी पृष्ठभागाच्या जरासं खाली ठेवलेलं बरं. जिथे शेती सोडता येत नाही तिथेही पातळी वर आणता येते. २०२१ साली ब्रिटिश आणि इतर पीटभूमींच्या मोजण्यांवरून निघालं की खोल उपसलेल्या जमिनीत पाणी १० सेंटिमीटर वर आणलं, की हेक्टरी वर्षाला किमान ३ टन कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन कमी होतं, मिथेन धरून.