यूपीआय पेंडिंग दिसलं तर लगेच परत पाठवू नका

«पेमेंट पेंडिंग आलं की ते गेलंच नाही समजा, दुसऱ्यांदा पाठवा, पहिले आपोआप परत येतात.» नाशिकच्या ग्रुपवर फिरतंय.

हे चुकीचं आहे. आधी तुमची बँक पैसे कापते, मग समोरच्या बँकेला जमा करायला सांगितलं जातं, आणि तिचं उत्तर वेळेत आलं नाही की ॲप पेंडिंग दाखवतं. पण पैसे तिकडे जमा झालेले असू शकतात, फक्त निरोप अडकलेला असतो, मग दुसऱ्यांदा पाठवलं तर डबल जातात आणि ते आपोआप परत येत नाहीत.

समजा शनिवारी पंचवटीत भाजीवाल्या मावशींना ३४० रुपये पाठवले आणि पेंडिंग आलं. आधी ॲप नाही, बँकेचं स्टेटमेंट बघा. कापलेच नसतील तर बहुतेक फेल होणार, पण स्टेटस फेल येईपर्यंत थांबा. कापले असतील तर व्यवहारातला १२ अंकी यूटीआर नंबर घ्या आणि मावशींना त्यांच्या खात्यात तो शोधायला सांगा, सापडला म्हणजे पैसे पोचले. नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाने दुसऱ्या दिवसापर्यंत, म्हणजे रविवारपर्यंत, रिव्हर्स व्हायला हवेत. दुकानाचा मर्चंट क्यूआर असेल तर मात्र ५ दिवस. त्यापुढे उशीर झाला तर बँकेने रोजचे १०० रुपये भरपाई द्यायची असते, तक्रार ॲपमध्ये त्याच व्यवहारावर जाऊन टाका, गुगलवर सापडलेल्या कस्टमर केअर नंबरला अजिबात फोन करू नका.