थेंब घातल्यावरचे पाच तास

"डोळे तपासायला गेलात तर बाहुली मोठी करणारे थेंब घालू देऊ नका. आता मशीनवर सगळं दिसतं, थेंब फक्त वेळ आणि बिल वाढवायला. माझ्या भाच्याला थेंबांनंतर आठ दिवस पुस्तक वाचता येत नव्हतं. शिवाय यांनी काचबिंदू होतो. आणि घातलेच तर घाबरू नका, काळा गॉगल लावून स्वतः गाडी चालवत घरी या. सगळ्यांना पाठवा."

गेली काही वर्षं मी नेत्रतपासणीचं काम करतो. हा मजकूर दर महिन्याला कुणीतरी मला दाखवतं, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

आधी मशीनचं बोलू. डोळ्याचा पडदा आत, मागच्या बाजूला असतो आणि तिथवर पाहायला बाहुली हीच एक खिडकी. बॅटरीचा उजेड पडला की ती आकसून दोन-अडीच मिलिमीटरची होते. थेंबांनंतर ती सात-आठ मिलिमीटर उघडते आणि उजेडातही मिटत नाही. थेंबांशिवाय फोटो काढणारा कॅमेरा खरंच उपयोगी आहे, पण नेहमीच्या एका फोटोत पडद्याचा मधला भागच येतो. कडेला फाटलेला पडदा त्यात सापडेलच असं नाही.

एक उदाहरण सांगतो. छप्पन्न वर्षांच्या एक काकू, बारा वर्षांपासून मधुमेह. मधुमेहात बाहुली बरेचदा लहानच राहते, त्यात काकूंना मोतीबिंदूची सुरुवात. कॅमेऱ्यावर नुसतं धुकं आलं. सव्वादहाला ट्रॉपिकामाइड आणि फेनिलेफ्रिनचे एकत्र थेंब घातले, पंधरा मिनिटांनी पुन्हा एकदा. आपल्याकडच्या गडद तपकिरी बुबुळांवर औषध जरा सावकाश चढतं, त्यामुळे अकरा वाजले. मग दोन्ही पडद्यांवर रक्ताचे बारीक ठिपके स्पष्ट दिसले. काकूंची तक्रार शून्य होती. त्यांना नीट दिसत होतं!

आता भाच्याचे आठ दिवस. ही गोष्ट खोटी असेलच असं मी म्हणणार नाही. पण सगळे थेंब एक नसतात. मोठ्यांच्या पडद्याच्या तपासणीत सहसा वापरतात त्या ट्रॉपिकामाइडचा असर साधारण चार ते सहा तासांत उतरतो. काहींना रात्रीपर्यंत थोडं जड वाटतं. लहान मुलांचा चष्म्याचा नंबर काढताना मात्र जवळचं पाहण्याचा स्नायू पूर्ण सैल करावा लागतो, नाहीतर नंबर चुकतो. त्यासाठीच्या सायक्लोपेंटोलेटचा असर साधारण दिवसभर राहतो, आणि ॲट्रोपिनचा आठवडा-दोन आठवडेही. भाच्याला बहुधा तेच दिलं असणार. कोणतं औषध घातलं आणि किती वेळ टिकेल, हे निघताना विचारून घ्या. मुलाची परीक्षा असेल तर तारीख ठरवतानाच सांगा.

धूसरपणा वयाप्रमाणेही बदलतो. काकूंच्या डोळ्यातलं भिंग वयानं आधीच कडक झालेलं, त्या स्नायूवर जवळचं पाहणं अवलंबून उरलेलं नव्हतं, म्हणून जवळचा चष्मा लावून त्यांना बारा वाजताही मोबाइल बऱ्यापैकी वाचता आला. त्रास झाला तो उन्हाचा. त्यांचा तिशीतला मुलगा त्या जागी असता तर त्याला मेसेजसुद्धा वाचता आला नसता.

काचबिंदूच्या दाव्यात मात्र सत्याचा एक कण आहे. काहींच्या डोळ्यात पाणी बाहेर जाण्याचा कोपरा जन्मतःच अरुंद असतो. बाहुली मोठी झाल्यावर तो बंद पडून दाब एकदम चढू शकतो. हे फार क्वचित घडतं, आणि म्हणूनच थेंबांआधी डॉक्टर डोळ्याचा पुढचा भाग तपासतात. पूर्वी कुणी तुमचा "कोन अरुंद आहे" असं सांगितलं असेल, तर ते आठवणीनं बोला. हृदयविकार किंवा चढा रक्तदाब असेल तरीही. मग फेनिलेफ्रिन नसलेले थेंब घालता येतात.

शेवटचा सल्ला सगळ्यांत घातक. काळ्या काचेनं चकाकी कमी होते, धूसरपणा नाही. प्लस नंबरवाल्या तरुणांना लांबचंही पुसट दिसतं, आणि संध्याकाळी समोरच्या गाडीचे दिवे थेट आत घुसतात, तेव्हा गॉगल तर उलटाच पडतो. म्हणून सोबत कुणाला तरी न्या किंवा रिक्षा करा. स्कूटरही नको. गॉगल न्या, पण तो चालत जाताना उन्हासाठी. नजर पूर्ववत होईपर्यंत विळी, शिलाई मशीन आणि बँकेच्या कागदांवरच्या सह्या राहू द्या. जिन्यात कठडा धरा, पायऱ्यांच्या कडा नीट दिसत नाहीत.

काकू चार वाजेपर्यंत ठीक झाल्या. पण त्या दिवशी किंवा रात्री डोळा ठणकू लागला, लाल झाला, दिव्यांभोवती रंगीत वलयं दिसली, डोकं दुखून उलटी झाली, तर ते थेंबांचं नेहमीचं धुकं नव्हे. सकाळची वाट न पाहता त्याच रात्री डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.