फ्रिजवरची चिठ्ठी आणि बापूचे पन्नास रुपये

धुळ्यात आमच्या घरी फ्रिजच्या दारावर एक चिठ्ठी लावलेली आहे. माझा मुलगा दहा वर्षांचा, पाचवीत आहे. त्याची आजी त्याला बापू म्हणते, म्हणून आम्ही सगळेच बापू म्हणतो. चिठ्ठी त्याच्यासाठी आहे: आठवड्याचे पैसे किती, कधी मिळणार, घरातली कामं कोणती. परवा एका मैत्रिणीने तिचा फोटो काढून नेला, मग अजून दोघींनी मागितला. पण नुसती चिठ्ठी उतरवून घेऊन उपयोग नाही, कारण याआधीची चिठ्ठी आमची साफ चुकली होती. ती का चुकली ते आधी सांगते.

दिवाळीनंतर मी मोठ्या हौसेने एक दरपत्रक केलं होतं. अंथरूण उचलण्याचे २ रुपये, ताट उचलण्याचा १ रुपया, बाटल्या भरण्याचे ५, कपड्यांच्या घड्यांचे ५. मला वाटलं, पोराला कष्टाची किंमत कळेल. पहिल्या आठवड्यात त्याने ३८ रुपये कमावले. दुसऱ्या आठवड्यात ९. विचारलं तर म्हणाला, "मला या आठवड्यात पैसे नकोयत." त्याचं बरोबर होतं. मीच कामाला भाव लावला होता, आणि भाव परवडत नसेल तर माणूस नाही म्हणतो.

मग एका संध्याकाळी सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "बापू, माले पानी दे रे." हा खेळता खेळता त्यांच्याच बोलीत म्हणाला, "कितला देशी?" त्या हसल्या. पदराची गाठ सोडली, पाचचं नाणं काढलं आणि त्याच्या हातावर ठेवलं. त्यानेही घेतलं आणि पाणी आणून दिलं. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी उठून पहिलं काम केलं ते दरपत्रक काढून टाकलं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे, आणि ते मी स्पष्ट लिहिते. रोजच्या घरकामाचे पैसे मुलाला देऊ नयेत. आणि घरकाम केलं नाही म्हणून ठरलेले पैसे कापूही नयेत. पैसे वापरायला शिकण्यासाठी पैसे, आणि घरात राहतो म्हणून घरातलं काम. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच कागदावर लिहिल्या तरी त्यांच्यामध्ये जाड रेघ हवी.

पुष्कळ जण म्हणतील, बक्षीस दिल्यावर मुलं जोमाने करतात. करतात, थोडे दिवस. अमेरिकेत १९७३ साली मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या, चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. एक-दोन आठवड्यांनी पाहिलं तर तीच मुलं आपणहून चित्रं काढण्यात बाकीच्यांपेक्षा निम्मा वेळच घालवत होती. आता डबा विसळायची आवड कोणत्याच मुलाला नसते, त्यामुळे तो प्रयोग घरकामाला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण आजीला पाणी देणं बापूला आवडायचं. त्याला आम्ही भाव लावला.

आता पन्नास रुपये कुठून आले ते सांगते, कारण सगळ्यात जास्त हेच विचारतात. शेजारचे किती देतात हे बघून ठरवू नका. आम्ही १४ दिवस एका वहीत लिहून ठेवलं की त्याच्या किरकोळ मागण्यांवर आपण असेही किती घालवतो. कुरकुरे, पेरू, बोरं, स्टिकर, पेन, पट्टी, एकदा बर्फाचा गोळा. बेरीज आली १३६. त्यातले ३६ रुपये पेन-पट्टीचे होते. शाळेचं सामान आईवडिलांनीच द्यायचं, ते त्याच्या पैशातून नाही, म्हणून ते वजा केले. राहिले १००, म्हणजे आठवड्याला ५०. घरखर्च एका पैशाने वाढला नाही. आधी आम्ही ते मागेल तसे देत होतो, आता एकदम देतो आणि मागणं बंद. तुमच्या घरी हा आकडा २० येईल नाहीतर ८० येईल, जो येईल तो खरा.

संक्रांतीनंतर लावलेली चिठ्ठी अशी आहे:

"प्रिय बापू,

दर सोमवारी संध्याकाळी तुला ५० रुपये मिळतील. आम्ही विसरलो तर आठवण कर, त्यात लाजायचं नाही.
खाऊ, गोळा, स्टिकर, खेळणी यातून. वह्या, पेन, चप्पल, दवाखाना आमच्याकडे.
कशावर खर्च करायचे ते तू ठरव. संपले तर पुढच्या सोमवारपर्यंत थांबायचं. हरवले तर आम्ही भरून देणार नाही, पण शोधायला मदत करू.

घरातली तुझी कामं तीन. यांचे पैसे नाहीत, कारण घर आपल्या सगळ्यांचं आहे.
१. शाळेतून आल्यावर डबा उघडून, विसळून सिंकमध्ये. बाटली पालथी.
२. जेवायच्या आधी आजीचा तांब्या भरून पलंगाजवळ.
३. नळ आले की लहान बादल्या भरायच्या, आणि टाकी भरली की पप्पांना हाक मारायची.
काम झालं की सायकल. काम राहिलं तर सायकल थांबेल, पैसे थांबणार नाहीत.

कूलरला हात लावायचा नाही. पाणी भरायचं काम पप्पांचं.

शाळा उघडली की जूनमध्ये पुन्हा बसून ठरवू. तुला काही पटत नसेल तर खाली पेन्सिलने लिही.

मम्मी-पप्पा"

कूलरची ओळ का घातली ते आपल्याकडच्या लोकांना सांगायला नको. खान्देशातला उन्हाळा, पारा ४४-४५ वर, घरोघरी पत्र्याचे कूलर, आणि दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे कूलरचा शॉक लागल्याची बातमी. मदत म्हणून पोरं चालू कूलरमध्ये पाइप सोडतात. बटण बंद करून, पिन काढून मगच पाणी भरायचं असतं, आणि दहा वर्षांच्या मुलाला ते लक्षात राहील यावर मी विसंबणार नाही. मुलांना कामं सांगताना कोणतं काम त्यांचं नाही, हेही लिहायला हवं.

कामं तीनच का? पहिल्या मसुद्यात अकरा होती. त्यात "खोली नीट ठेव" असंही होतं. नीट म्हणजे काय, यावर रोज भांडण. आता प्रत्येक काम असं आहे की झालं की नाही ते बघून कळतं. तांब्या भरलेला आहे किंवा नाही, तिसरं काही नाही. डब्याचं काम आलं कारण एकदा शनिवारचा डबा सोमवारी सकाळी दप्तरातून निघाला. भेंडीवर पांढरी बुरशी आली होती आणि दप्तराचा वास आठवडाभर गेला नाही. नळाचं काम आलं कारण आमच्या भागात पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आणि त्या तासाभरात घरातला प्रत्येक हात लागतो. त्याला स्वतःलाच त्या कामाचं महत्त्व दिसतं. ते एकदाही सांगावं लागलेलं नाही. डब्याचं मात्र अजूनही आठवड्यातून दोनदा सांगावं लागतं.

पैसे आधी शनिवारी द्यायचो. रविवार संध्याकाळपर्यंत खिसा रिकामा आणि पुढचे पाच दिवस शाळेच्या फाटकाबाहेरच्या गाडीकडे बघत राहायचं. सोमवार केल्यावर सुट्टी आठवड्याच्या शेवटी आली, म्हणजे रविवारसाठी काही राखायचं कारण त्याच्याजवळ झालं. अजून एक बदल केला: पन्नासची एक नोट द्यायची नाही, दहाची पाच नाणी द्यायची. नोट मोडली की ती संपतेच, नाणी मात्र एक एक कमी होताना दिसतात. (एक-दोन दुकानदार दहाचं नाणं घ्यायला कुरकुरले. दहाची सगळ्या नमुन्यांची नाणी चालतात, असं रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्येच जाहीर केलेलं आहे. पप्पांनी सोबत जाऊन दुकानदाराला शांतपणे सांगितलं, आता तो घेतो.)

सगळ्यात अवघड आठवडा तिसरा होता. मंगळवारीच त्याने ४० रुपयांचं एक फिरतं खेळणं घेतलं. बुधवारी ते मोडलं. गुरुवारी सगळे मित्र गोळा खात होते आणि हा घरी येऊन रडला. सासूबाईंचा हात पदराच्या गाठीकडे गेला. मी त्यांना हात जोडून म्हटलं, "आई, या एकदा नका देऊ." त्यांना वाईट वाटलं, मलाही वाटलं. पण चाळीस रुपयांत हे कळतंय तोवर कळू दे. तेव्हा आम्ही दिले असते तर चिठ्ठी त्या दिवशीच संपली असती. मी त्याला जवळ घेतलं, खेळणं उघडून पाहिलं, ते जोडता येत नव्हतं. पुढच्या वेळी त्याने दुकानातच खेळणं फिरवून बघितलं आणि न घेता परत आला.

आता आखाजी येतेय. आत्या माहेरी येतील, मामा येतील, जो तो जाताना पोराच्या हातावर पन्नास-शंभर ठेवेल. ते पैसे चिठ्ठीत नव्हते. बापूनेच विचारलं, "ते माझे की तुमचे?" मी म्हटलं, तुझेच. पण ते आठवड्याच्या पैशांत मिसळायचे नाहीत, नाहीतर पन्नासचं गणित महिनाभर बिघडेल. निम्मे त्याने वापरायचे, निम्मे बँकेत. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला बचत खातं स्वतः चालवू द्यायची परवानगी रिझर्व्ह बँकेने बँकांना दिलेली आहे, मर्यादा मात्र प्रत्येक बँक आपली आपली ठरवते. सुट्टी लागली की त्याला सोबत घेऊन जाणार आहे, सही त्यालाच करू देणार आहे.

काल चिठ्ठीच्या खाली पेन्सिलने एक ओळ दिसली: "जूनमध्ये ६० पाहिजेत. गोळा महाग झाला." मी त्याला इतकंच म्हटलं की आम्ही पन्नास कसे काढले ते तुला माहीत आहे. संध्याकाळी तो जुनी वही शोधून घेऊन आला, नवं पान काढलं, वर "१४ दिवस" लिहिलं आणि पहिली नोंद केली: पेरू, ५ रुपये.