लिंबू पिळलं म्हणून कच्च्या अंड्याचं मेयो निर्धोक होत नाही

घरी मेयो करण्याबद्दल असा सल्ला नेहमी ऐकू येतो: «अंडं ताजं घ्या, मिक्सरमध्ये तेल आणि लिंबू घालून फिरवा, लगेच फ्रिजमध्ये ठेवा. आंबटपणाने सगळे जंतू मरतात, मेयो आठवडाभर टिकतं. उगाच घाबरवू नका, आम्ही नेहमी खातो.»

ताजेपणापासून सुरुवात करू. साल्मोनेला हा जुलाब-ताप आणणारा जंतू कवचावरच्या घाणीतून आत जातो हे खरं, पण तेवढंच खरं नाही. कोंबडीच्या अंडाशयाला संसर्ग असेल, तर कवच तयार होण्याआधीच जंतू आत असतो. असं अंडं धुतलं, पाण्यात बुडवून पाहिलं, वास घेतला, तरी ते चांगलंच वाटतं. अशी अंडी फार थोडी असतात. म्हणून तर घरी वर्षानुवर्षं काही होत नाही आणि हॉटेलात पन्नास अंडी एका भांड्यात फोडली, की एकच पुरतं. केरळने जानेवारी २०२३ मध्ये आणि तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोवर बंदी घातली. शिवाय अख्ख्या अंड्यात पांढऱ्या बलकाचा पहारा असतो, त्यात जंतूला वाढायला लोह मिळत नाही. अंडं फोडून पिवळा बलक त्यात फेटला, की तो पहारा उठतो.

आता आंबटपणा. जंतूची वाढ थांबणं वेगळं आणि जंतू मरणं वेगळं. सामू (पीएच) ४ च्या खाली आला, की साल्मोनेलाची वाढ जवळपास थांबते, पण जंतू लगेच मरत नाही. आम्लही कुठलं आहे त्यावर बरंच ठरतं. व्हिनेगरमधलं ॲसिटिक आम्ल, त्याचे रेणू विभागलेले नसतात तोवर, जंतूच्या पडद्यातून सहज आत शिरतं. तिथे ते फुटतं आणि पेशी आतून आंबट होते. लिंबातलं सायट्रिक आम्ल तसं सहज शिरत नाही, त्यामुळे सामू सारखाच असला तरी त्याचा मारा कमी. जिभेला दोन्ही आंबटच लागतात, म्हणून चव घेऊन काही कळत नाही.

मिक्सरच्या नेहमीच्या कृतीचा हिशेब करून पाहा. एक अख्खं अंडं, कपभर तेल, एक चमचा व्हिनेगर. तेल सोडून द्या, जंतू पाण्याच्या भागात राहतो. अंड्यात पाणी साधारण ३८ ग्रॅम. ४ टक्क्यांच्या व्हिनेगरच्या ५ मिलीमध्ये आम्ल ०.२ ग्रॅम. म्हणजे पाण्याच्या भागात अर्धा टक्काही नाही. कारखान्यांचा जुना ठोकताळा किमान १.४ टक्के आम्ल आणि ४.१ पर्यंतचा सामू असा आहे. तिथवर जायला याच अंड्याला चार चमचे व्हिनेगर लागेल, आणि पांढरा बलक मुळात अल्कधर्मी असल्याने तो काही आम्ल गिळतो ते वेगळंच. फक्त पिवळा बलक घेतला तर गणित सुधारतं. त्यात पाणी जेमतेम ९ ग्रॅम, त्यामुळे तीन चमचे व्हिनेगरमध्ये आम्ल अडीच टक्क्यांच्या आसपास जातं.

सगळ्यात फसवा सल्ला «लगेच फ्रिजमध्ये» हा आहे. आम्ल पुरेसं असेल तर ते खोलीच्या तापमानाला जंतू लवकर मारतं आणि थंडीत फार सावकाश. फ्रिज वाढ रोखतो, पण त्याचबरोबर आम्लाचा हातही धरतो. लोणचं जसं मुरावं लागतं, तसं आम्लालाही वेळ द्यावा लागतो. म्हणून भरपूर व्हिनेगरचं मेयो आधी काही तास, खरं तर एक दिवस बाहेर ठेवून मग फ्रिजमध्ये ठेवतात. मात्र हे सामू मोजून ४ किंवा त्याखाली आल्याची खात्री असेल तरच. वरच्या एक चमचावाल्या मेयोला बाहेर ठेवलंत तर उलटंच होईल, उकाड्यात साल्मोनेला तासाभरात दोन-तीन वेळा दुप्पट होतो.

आठवडाभराच्या हिशेबात आणखी एक गोष्ट राहते. मेयो नुसतं कोण खातं? उकडलेला बटाटा, चिकन, ब्रेड यांत मिसळलं, की आम्ल पातळ होतं आणि सामू वर चढतो. वाचलेल्या जंतूला तिथे मोकळं रान मिळतं. सकाळी भरलेलं सँडविच दुपारपर्यंत डब्यात राहिलं, तर मेयोचा आंबटपणा काही कामाचा नाही.

«काही झालं नाही»बद्दल एवढंच, की लक्षणं सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कधीही दिसतात. जुलाब-ताप आला, की दोष कालच्या पाणीपुरीवर जातो.

घरी करायचंच असेल, तर पिवळा बलक, व्हिनेगर आणि दोन चमचे पाणी उकळत्या पाण्यावरच्या भांड्यात सतत ढवळत ७१ अंश सेल्सियसपर्यंत न्या, थंड करा, मग तेल घाला. थर्मामीटर नसेल, तर उकडलेल्या अंड्याचा बलक किंवा थंड दूध वापरा, मेयो दोन्हीने जमतं. घरात गर्भवती, लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल, तर कच्चं अंडं नकोच.