वीसच का, एक का नाही?

आज प्रॅक्टिकलची परीक्षा घेऊन आले आणि अजून डोकं शांत झालेलं नाही, म्हणून इथे ओतते आहे. लांब होईल. ज्यांना घाई आहे त्यांनी पुढे जावं.

साधा लंबक. आपण सगळ्यांनी केलेला प्रयोग. दोऱ्याला गोळा बांधायचा, झुलवायचा, वीस आंदोलनांना किती सेकंद लागले ते बघायचं, त्याला वीसने भागून आवर्तकाल काढायचा, लांबी L बरोबर तो T = 2π√(L/g) मध्ये घालायचा आणि g, म्हणजे गुरुत्वत्वरण, काढायचा. एका मुलाचं जर्नल समोर आलं. अक्षर मोत्यासारखं, आलेख देखणा, लांबी १०० सेंमीला वीस आंदोलनांचा वेळ ४०.१ सेकंद, उत्तर ९.८. लिहिलेल्या भागाला माझ्या सहपरीक्षकांनी पूर्ण मार्क देऊनही टाकले होते. मी त्याला एवढंच विचारलं, "वीस आंदोलनं का मोजलीस? एक का नाही?"

"सरासरी काढायला, मॅडम."

"बरं. मग एकच आंदोलन वीस वेळा वेगवेगळं मोजलं आणि सरासरी काढली, तर चालेल?"

"हो, चालेल."

"मग तसं का नाही केलंस?"

शांतता. आणि तेवढ्यात शेजारून सहपरीक्षक हसत म्हणाले, "जाऊ द्या हो मॅडम, बरोबर लिहिलंय ना त्याने? कशाला छळताय पोराला?"

छळताय! हा शब्द मला दिवसभर चावतो आहे.

कारण हाच प्रश्न मला विचारला गेला होता. याच प्रयोगावर. बारावीला असताना माझं लंबकाचं जर्नल मी मैत्रिणीच्या वहीवरून रात्रीत उतरवलं होतं, रीडिंगसकट. एक्स्टर्नल म्हणून आलेल्या सरांनी पेन्सिलीचं टोक माझ्या तक्त्यातल्या '२०' या आकड्यावर ठेवलं आणि विचारलं, "हे वीस कुठून आले?" मीही म्हणाले होते, "सरासरीसाठी." आणि पुढचा प्रश्नही तोच आला होता. ती पेन्सिल त्या आकड्यावर किती वेळ होती कोण जाणे. मला तासभर वाटली.

उत्तर अवघड नाही हो. स्टॉपवॉच आपण हाताने दाबतो. दाबायला थोडा उशीर होतो, कधी थोडी घाई होते. समजा सुरुवात आणि शेवट मिळून ०.२ सेकंदाची गडबड होते. एक मीटरच्या लंबकाचं एक आंदोलन साधारण दोन सेकंदांचं. म्हणजे एकच आंदोलन मोजलं तर दोन सेकंदांत ०.२ची चूक, दहा टक्के. g काढताना T चा वर्ग येतो, म्हणून तिथे ती साधारण वीस टक्के होते. अशा उत्तराला उत्तर कोण म्हणेल? पण सलग वीस मोजली तर बटण दोनदाच दाबायचं असतं. चूक तेवढीच, ०.२ सेकंद, पण ती आता चाळीस सेकंदांत आहे. वीसने भागलं की ०.०१ सेकंद उरते. एकेक करून वीस वेळा मोजलं तर बटण चाळीस वेळा दाबावं लागतं, आणि दर वेळी नवी चूक होते. त्यांची सरासरी काढल्यावर चूक कमी होते खरी, पण वीसच्या वर्गमुळाने, म्हणजे साडेचार पटीनेच. ०.०४५च्या आसपास अडकते. आणि तुमचा हात दर वेळी एकाच बाजूला चुकत असेल, तर सरासरीने ती चूक तसूभरही हलत नाही. म्हणजे 'सरासरी' हे उत्तर अर्धवटही नाही, ते चुकीच्या गोष्टीचं नाव आहे.

ज्याने एकदा तरी एकच आंदोलन मोजायचा प्रयत्न करून पाहिला आहे, त्याला हे वर्गमूळ वगैरे सांगता नाही आलं तरी चालेल. तो म्हणेल, "मॅडम, एक मोजलं तर दर वेळी वेगळंच येतं, कधी १.९, कधी २.२." बस. मला तेवढं पुरतं. उतरवणाऱ्याकडे ते १.९ आणि २.२ नसतात. ते मैत्रिणीने पाहिलेले असतात आणि वहीत न लिहिता सोडून दिलेले असतात. वहीत फक्त शेवटी ठरलेला वीस येतो. का ठरला, काय करून बघितलं आणि जमलं नाही, हे उतरवायला कागदावर असतच नाही.

मी त्याला दुसरी संधी दिली. (छळलं म्हणा हवं तर.) विचारलं, "घड्याळ कुठे सुरू केलंस? गोळा कुठे असताना?" म्हणाला, "कडेला, मॅडम. तिथे तो थांबतो ना, म्हणून सोपं जातं." आता गंमत बघा. त्याच्याच जर्नलमध्ये, त्याच्याच मोत्यासारख्या अक्षरात लिहिलंय, 'लंबक मध्यस्थितीतून जात असताना घड्याळ सुरू केले.' मी ती ओळ त्याला दाखवली. त्याने ती अशी वाचली की जणू पहिल्यांदाच बघतोय.

आणि त्याचं तोंडचं उत्तर मूर्खपणाचं नव्हतं, हे सांगायलाच हवं. कडेला गोळा थांबतो हे खरंच आहे. पण थांबतो म्हणूनच तिथे नेमका क्षण सापडत नाही. गोळा शेवटच्या टोकाशी इतका हळू होतो, की आता वळला की मघाशीच वळला, हे डोळ्याला कळत नाही. मध्यावर तो सगळ्यात जोरात असतो, मागे खडूची खूण केलेली असेल तर 'सप्' करून जातो आणि तो क्षण पक्का पकडता येतो. जिथे सोपं वाटतं तिथे चूक जास्त होते. हे मी पुस्तकात वाचलं होतं का? वाचलंही असेल. कळलं मात्र स्वतः केल्यावर, आणि तेही त्या पेन्सिलवाल्या सरांनी परीक्षेत घाम फोडल्यानंतर, निकाल लागून गेल्यावर, कुणी सांगितलं नसताना.

आता दुसऱ्या मुलाची गोष्ट, कारण खरा राग त्याच्यासाठी आहे. त्याचं जर्नल गबाळं. खाडाखोड. १०० सेंमीला वीस आंदोलनांचा वेळ ३८.१ सेकंद आणि g चं उत्तर १०.९. सहपरीक्षकांनी लाल गोल करून मार्क कापले होते. मी ३८.१ बघितलं आणि मला संशय आला. त्याला म्हटलं, "लंबक लाव, माझ्यासमोर मोज, मोठ्याने." त्याने गोळा सोडला, दोनतीन झोके जाऊ दिले (हेही कुणी न सांगता!), मग गोळा मध्यावर आला तसं बटण दाबलं आणि म्हणाला, "एक."

मी काही बोलले नाही. तो वीसपर्यंत गेला, बटण दाबलं. ३८.२. मी विचारलं, "बटण दाबलंस तेव्हा किती आंदोलनं पूर्ण झाली होती?" तो थांबला. ओठ हलत होते. मग कपाळावर हात मारून म्हणाला, "शून्य! मॅडम, मी एकोणीसच मोजली!"

तिथेच कागद ओढून ३८.१ ला १९ ने भागलं. २.००५. g आला ९.८२. त्याचं प्रत्येक रीडिंग बरोबर होतं. फक्त तोंडातून पहिला आकडा चुकीचा निघत होता. आणि ही चूक ठसा सोडून जाते. १९ ऐवजी २० ने भागलं की T पाच टक्क्यांनी कमी येतो आणि g अकरा टक्क्यांच्या आसपास वर जातो. १०.८-१०.९ दिसलं की समजायचं, पोरगं 'एक'पासून मोजतंय. म्हणजे त्याने खरंच मोजलंय! ज्याला मार्क कापले त्याच्या वहीत प्रयोग झाल्याचा पुरावा होता, आणि ज्याला पूर्ण दिले त्याच्या वहीत अक्षर होतं.

सांगा, कोण कुणाला छळत होतं?

हो, हो, माहीत आहे. तोंडी परीक्षेत येत असूनही भीतीने वाचा बसणारी मुलं असतात. मान्य. म्हणून तर त्यांना बोलायला न लावता करायला लावायचं. आणि हेही माहीत आहे की व्हायवाच्या प्रश्नोत्तरांचे कागद फिरतात आणि ते पाठ करून येणारे भेटतात. त्यांना व्याख्या विचारून काहीच कळत नाही, त्यांना त्यांच्याच तक्त्यातलं विचारावं लागतं. "समज, दोऱ्याच्या लांबीत गोळ्याची त्रिज्या मिळवायला विसरलास. ५० सेंमीच्या ओळीत g जास्त बिघडेल की १०० सेंमीच्या?" त्रिज्या १ सेंमी धरली तर ५० ला दोन टक्के, १०० ला एक टक्का. आखूड लंबक जास्त चुकतो, आणि तक्त्यात g लांबीबरोबर वर सरकत जाताना दिसतो. हे पाठ नसलं तरी ज्याने लांबी स्वतः मोजली आहे तो चार क्षण विचार करून सांगतो. ज्याने उतरवली आहे तो आधी माझ्या चेहऱ्याकडे बघतो.

हे लिहिता लिहिता राग जरा उतरला आहे. त्या पहिल्या मुलावर तर नाहीच. तो मीच आहे. माझ्या वेळी त्या सरांनी पेन्सिल उचलली आणि एवढंच म्हणाले होते, "मैत्रिणीला विचार." अपमान वाटला होता तेव्हा. मी विचारलं खरंच. तर तिलाही माहीत नव्हतं. तिने ताईच्या वहीतून घेतलं होतं.

आज तो मुलगा जाताना दारात घुटमळला. म्हणाला, "मॅडम, पण मग पन्नास का नाही मोजत?" मी म्हटलं, बस खाली. मग दहा मिनिटं आम्ही त्यावर बोललो. झोका हळूहळू लहान होत जातो, त्याने आवर्तकालात फारसा फरक पडत नाही, पण पन्नास मोजताना माणसाचा आकडा चुकायला लागतो, आणि एक आंदोलन हुकलं तर आधी कमावलेलं सगळं गेलं. हा प्रश्न त्याने कुठून उतरवलेला नव्हता. लिहिलेल्या भागाचे मार्क मात्र मी दोघांचेही बदलून घेतले, अर्धा तास वाद घालून.

उद्या दुसरी बॅच आहे. सहपरीक्षक म्हणाले, उद्या लंबक नको, स्प्रिंगचा प्रयोग ठेवू, लवकर उरकेल. स्प्रिंगचीही वीस आंदोलनंच मोजावी लागतात, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.